फोटोवरून कशिदा ओळखून हवाय? आधी उलटी बाजू दाखवा

दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रोज एक तरी फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, "ही कुठली एम्ब्रॉयडरी? दुरुस्त होईल का?" उत्तर द्यायला आम्हाला आवडतं आणि त्याचे पैसेही आम्ही घेत नाही. पण बहुतेक फोटो सुलट्या बाजूचे, लांबून काढलेले, ट्यूबलाइटखालचे असतात. मग आम्ही मागच्या बाजूचा फोटो मागतो, तो दोन दिवसांनी येतो, तोही अंधुक. कामापेक्षा जास्त वेळ यात जातो. म्हणून हे माहितीपत्रक.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या इरकली साड्या, म्हणून उदाहरण कसुतीचंच घेतो. कसुती हा कर्नाटकातल्या धारवाड-हुबळी भागातला हाताने भरायचा कशिदा. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या, म्हणजेच इरकली, साड्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नेसल्या जातात, त्यामुळे आजीच्या पेटीत कसुतीची एखादी साडी निघतेच. काळ्या चंद्रकळेवरची तर हमखास.

ग्राहक नाव ठरवतात ते नक्षीवरून. मोर दिसला की "कच्छी", भौमितिक भरीव काम दिसलं की "फुलकारी", हत्ती दिसला की "राजस्थानी". मोर आणि हत्ती भारतभर भरले जातात, त्यांच्यावरून गाव कळत नाही. आम्ही आधी टाका बघतो, मग धागा आणि कापड, नक्षी शेवटी. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती अशी नक्षी असली तर कसुतीकडे बोट जातं हे खरं, पण शिक्का टाक्यावरूनच बसतो.

कसुतीत टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा: एकदा जाताना एक सोडून एक टाका घालायचा, परतताना राहिलेल्या जागा भरायच्या. त्यामुळे रेघ दोन्ही बाजूंना सलग आणि सारखी दिसते. मुरगी तशीच, फक्त पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढते. तीही मागून-पुढून सारखी. नेगीत आडवे लांब-आखूड धावदोरे घालून भरीव नक्षी उठवतात, ती विणल्यासारखी दिसते. मेंथी म्हणजे फुलीचा टाका. कुठेही ठसा किंवा रेखाटन नसतं, कापडाचे ताणे-बाणे मोजून सगळं भरलं जातं. आणि गाठ मारत नाहीत. धाग्याचं टोक टाक्यांखालीच दाबून घेतात.

इथे अर्धवट माहितीने घोटाळा होतो. "कसुती दोन्ही बाजूंनी सारखी असते" एवढं वाचून काही जण साडी उलटवतात, भरीव भाग मागून वेगळा दिसला की "आमची नकली निघाली" म्हणून फोन करतात. नेगी मागून उलटीच दिसणार. पुढे धागा असेल तिथे मागे कापड, आणि पुढे कापड असेल तिथे मागे धागा. मेंथीच्या मागेही फुल्या नसतात. सारखेपणा शोधायचा तो गवंतीच्या आणि मुरगीच्या रेघांत.

एका ग्राहक ताईंचंच काम सांगतो. काळा इरकली पदर, "आजीची फुलकारी" म्हणून पाठवलेला. पुढच्या फोटोत नारिंगी-पांढरी गोपुरं, खाली भरीव चौकटी. त्या चौकटींमुळेच त्यांना फुलकारी वाटली. पण फुलकारीत जाडसर खद्दरवर, न पिळलेल्या रेशमाचे लांब टाके मागच्या बाजूने मोजून भरतात. ते आडवे-उभे पडतात, त्यामुळे एकच रंग दोन छटांत चमकतो. इथे टाके सगळे आडवे, छोटे, एकाच छटेचे. मागचा फोटो आला आणि प्रश्न मिटला. गोपुराच्या रेघा जशाच्या तशा, एकही गाठ नाही, चौकटी मात्र उलट्या. म्हणजे गवंती आणि नेगी, कसुतीच. एका कळसापाशी मागे एक लांब तिरका धागा होता. ती नंतर कोणीतरी घाईत केलेली दुरुस्ती. पुढून तिचा पत्ताही लागत नव्हता.

याच पदराच्या टोकाला लाल जमिनीवर पांढरे दात आहेत, तेही भरलेले आहेत का, असं बऱ्याच जणी विचारतात. ती टोपी-तेणी, मागावर विणलेली. तिचा कशिद्याशी संबंध नाही.

हल्ली कॉम्प्युटर मशीनवरची "कसुती" भरपूर विकली जाते. पुढून ती हातच्यापेक्षा नीटनेटकी दिसते. मागे मात्र बॉबिनचा धागा दिसतो, बहुधा पांढरा किंवा काळा, वरच्या रंगाशी न जुळणारा. रेघेचं दोन्ही बाजूंचं रूप कधीच एकसारखं येत नाही. शिवाय हल्लीच्या हातकामात बायका कापडावर मॅटी लावून तिचे चौकोन मोजून भरतात आणि नंतर मॅटीचे धागे ओढून काढतात. अशा कामात टाके किंचित सैल उभे राहतात, कधी त्यांखाली मॅटीचा तंतू अडकलेला सापडतो. ते हातकामच आहे, कमअस्सल समजू नका.

नावासाठी एवढा हट्ट का, असं कोणी विचारतं. गवंतीच्या तुटलेल्या जागी उलटा टाका घातला की पुढून जमतं, पण मागे धागा दुहेरी चढून जाड दोरीसारखी रेघ तयार होते. पदराच्या दोन्ही बाजू दिसतात, तिथे ते लपत नाही. आणि मशीनच्या कामावर हाताने भरून घ्यायला दिलेले पैसे वाया जातात, हे आम्ही काम हातात घ्यायच्या आधीच सांगतो.

फोटो असे काढा. साडी धुवू नका, इस्त्रीही नको, जुन्या लाल रेशमाचा रंग सुटला तर मग आम्हीही काही करू शकत नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, एकच नक्षी जवळून घ्या. तीच नक्षी उलटवून दुसरा फोटो. दोन्हींत शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे टाक्याची लांबी कळते. तिसरा फोटो पूर्ण पदराचा. पदराला मागून जाळी लावलेली असेल किंवा ब्लाउजला अस्तर असेल, तर कडेची चार टाक्यांची शिवण उसवून आत डोकावा, ती आम्ही फुकट घालून देतो. व्हॉट्सॲपवर फोटो साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक टाके पुसट होतात.

असे तीन फोटो आले तर बहुतेक वेळा त्याच दिवशी नाव कळवतो. किंमत मात्र फोटोवर सांगत नाही. सहापदरी सुती लडीतले दोन धागे आणि जुना रेशमी धागा फोटोत सारखेच चमकतात, आणि दुरुस्तीचा दर धाग्यावर ठरतो. साडी दुकानात आणली की तुमच्यासमोर भिंगाखाली बघून आकडा सांगतो. जुन्या रेशमाशी जुळणाऱ्या रंगांच्या लड्या आमच्याकडे असतात, आणि गवंती मागून-पुढून सारखी भरणाऱ्या बायका धारवाडकडच्याच आहेत. संक्रांतीच्या आधी गर्दी असते, तेव्हा चंद्रकळा असेल तर दिवाळी झाल्याबरोबर आणून द्या.