जुन्या वह्या-कागद द्या, वाचून टाइप करून परत मिळतील (पण एकच पान नको, अख्खी वही आणा)

नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीतल्या घरांमधले जुने हाताने लिहिलेले कागद वाचून टाइप करायचं काम क्लबहाऊसमध्ये रविवारी संध्याकाळी सुरू करतोय, स्कॅनिंग आमच्या गेटजवळच्या दुकानात होईल. आजोबांच्या घरखर्चाच्या वह्या, दुकानाची रोजकीर्द-खतावणी, पत्रं, देवळाच्या उत्सवाचा हिशोब, मोडीत असो की बाळबोधीत, सगळं चालेल. स्कॅन आणि टायपिंग या उपक्रमापुरतं फुकट.

आता मुद्द्याचं. दर आठवड्याला कोणीतरी एका पानाचा फोटो व्हॉट्सॲप करतं, "एवढंच वाचून सांगा ना, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचं नसतं हो. परवा असाच एक फोटो आला, मोडीतला, त्यात "माघ वद्य ५" आणि खाली रकमा. साल कुठेच नाही. कारण जुन्या वहीत शक बहुतेक वेळा पहिल्या पानावर एकदाच लिहितात, पुढे नुसता महिना आणि तिथी. वही मागवली तर पहिल्या पानावर सापडलं, शके १८४१, कार्तिक, म्हणजे दिवाळी पाडव्याला सुरू केलेली दुकानाची वही. मग वहीवाल्यांनीच घरी ७८ मिळवून १९१९ काढलं. तेही चुकलं, कारण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इंग्रजी साल त्याआधीच जानेवारीत बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. ते पान १९२० च्या फेब्रुवारीतलं निघालं. आणि त्याच वहीत चैत्राच्या पुढची पानं शके १८४२ ची, जरी मुनीमजींनी तसं कुठे लिहिलेलं नसलं तरी.

दुसरी गोष्ट म्हणजे हात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, आणि प्रत्येकाचं वळण वेगळं. दहा-बारा पानं वाचल्यावर कळतं की हा माणूस "स" कसा काढतो, मग पुढची पानं भराभर जातात. त्यात ते ॥ चिन्ह. आकड्यापुढे आलं तर अर्धा, म्हणजे ५॥ हे साडेपाच रुपये, आणि अक्षरापुढे आलं तर संक्षेप. "रा॥" नावाच्या आधी असेल तर राजश्री, नावानंतर गावाच्या आधी असेल तर राहणार. फोटोत कडेची ओळ कापली गेली की गावाचं नाव माणसाचं होऊन बसतं, आणि तो माणूस मग वंशावळीत शिरतो!

म्हणून विनंती एवढीच की वही, बाड, रुमाल जसा आहे तसा आणा, पानं क्रमाने "नीट" लावू नका, सुटी पानं असली तर ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने ठेवा. ओल्या कपड्याने पुसू नका, जुनी काजळाची शाई पाण्याने पसरते. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. धूळ आम्ही मऊ ब्रशने काढू.

काही जण विचारतात की वही दोन आठवडे ठेवून का घेता, स्कॅन तर तासाभरात होतो. स्कॅन होतो हो, पण प्रत्येक पान दोन वेगवेगळे लोक स्वतंत्र वाचतात आणि जिथे जुळत नाही तिथे मूळ कागद उजेडात धरून बघावा लागतो, शाईचा ठिपका आणि अनुस्वार यातला फरक स्क्रीनवर नेहमी दिसत नाही. तरीही नाही लागलं तर तिथे प्रश्नचिन्ह टाकतो, अंदाजाने भरत नाही. वही देताना पानं तुमच्यासमोर मोजून पावती मिळेल, दोघांच्या सह्या. सावकारी किंवा घरातल्या भांडणाची पानं असतील आणि ती दुसऱ्यांनी वाचायला नको असतील तर आधीच सांगा, ती आम्ही फक्त स्कॅन करून देऊ.

अजून एक, जातीच्या दाखल्यासाठी हे टायपिंग चालणार नाही. तिथे अधिकृत मोडी वाचकाची सही लागते, आमची नाही. नोंद कुठल्या पानावर आहे हे मात्र आमच्या टाइप केलेल्या प्रतीतून शोधता येईल, म्हणजे त्यांच्याकडे थेट ते पान घेऊन जाता येतं, अर्थात सोबत पहिलं पानही.

फाइल पेनड्राइव्हवर मिळेल. छापून, बांधून हवी असेल, किंवा भावंडांसाठी जास्तीच्या प्रती, तर त्याचे पैसे पडतील, दर दुकानात लावलेत, सोसायटीवाल्यांना थोडे कमी. वह्या घेणं सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहानंतर. येताना कापडी पिशवीत आणा, रबरबँड लावू नका.