ॲड्रिनलची गाठ काढल्यानंतर: हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बंद कधी करायची?

सप्रेम नमस्कार,

डिस्चार्जच्या फाइलसोबत हे पत्र देतोय, कारण आमच्या फोनवर एक प्रश्न नेहमी येतो: “डॉक्टर, आता बरं वाटतंय, ती स्टेरॉइडची गोळी बंद केली तर चालेल का?” विचारून घेतात ते शहाणे. काही जण आधी बंद करतात आणि मग फोन करतात. कधी कधी त्यांच्याऐवजी त्यांच्या घरच्यांचाच फोन येतो.

हे पत्र कुशिंगच्या पेशंटसाठी आहे, म्हणजे ज्यांची एका बाजूची ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल जास्त बनवणाऱ्या गाठीसकट काढली आहे त्यांच्यासाठी. अल्डोस्टेरॉनच्या किंवा फिओच्या, म्हणजे ॲड्रिनलिन बनवणाऱ्या, गाठीचं ऑपरेशन झालेल्यांची दुसरी ग्रंथी बहुतेक वेळा झोपलेली नसते, काम करत असते. त्यांचा कागद वेगळा आहे, तो काउंटरवर मागून घ्या. ज्यांच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, त्यांना गोळ्या आयुष्यभर लागतात.

आता तुमच्याबद्दल. किडनीच्या वर प्रत्येकी एक अशा दोन ॲड्रिनल असतात. तुमच्या गाठीनं महिनोन्महिने कॉर्टिसोल ओतलं. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटलं, माल भरपूर आहे, आता ऑर्डर कशाला पाठवायची? ऑर्डर बंद पडली आणि दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथी बसल्या बसल्या आकसली. आम्ही गाठ काढली त्या दिवशी शरीरातलं कॉर्टिसोल एकदम खाली आलं. दुसरी ग्रंथी उठायला बहुतेकांना सहा महिने ते दीड वर्ष लागतं, कुणाला त्याहून जास्त. तोवर तिचं काम ही गोळी करते.

म्हणून “स्टेरॉइड वाईट” हे वाक्य इथं लागू नाही. स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे खरं आहे. पण तो त्रास तुम्हाला गाठीनं दिला. गोळी देते ते निरोगी शरीर रोज बनवतं तेवढंच.

बहुतेकांचा डोस असा असतो: सकाळी उठल्या उठल्या 10 मिलिग्रॅम, दुपारी जेवताना 5 आणि संध्याकाळी पाचच्या आत 5. त्यानंतर घेतली तर रात्री छताकडे बघत पडावं लागतं. तुमच्या फाइलवर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पहिले काही दिवस आम्ही जास्तच देतो. दिवसात एकदा घ्यायची प्रेडनिसोलोनची गोळी सोपी पडली असती, हेही लोक म्हणतात. पण शरीर कॉर्टिसोल सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी बनवतं. तीन भागांत दिलेली हायड्रोकॉर्टिसोन त्याच्या जास्त जवळ जाते, आणि ग्रंथी उठली का हे तपासणंही सोपं होतं. एकादशी असो की नवरात्र, गोळी पाण्यासोबत घ्यायचीच. उपवास मोडत नाही, असं आमच्या कितीतरी ताईंना त्यांच्याच घरच्या आजींनी सांगितलंय.

गोळी घेऊनही पहिले दोन-तीन महिने अंग मोडून येतं, सांधे दुखतात, कातडी सुटते, मन उदास राहतं. एक काका म्हणाले, “गाठ होती तेव्हाच बरा होतो.” खोटं नव्हतं ते. शरीराला जास्त कॉर्टिसोलची सवय लागलेली असते आणि ती उतरताना त्रास होतो. म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. चेहऱ्याची सूजही महिन्यांनी उतरते, आरशाशी भांडू नका. दुर्बिणीच्या छिद्रांच्या जखमा मात्र लवकर भरतात. खांद्यात दुखलं तर तो पोटात भरलेल्या गॅसचा परिणाम, दोन-चार दिवसांत जातो.

बीपी आणि शुगरच्या जुन्या गोळ्या डोळे झाकून चालू ठेवू नका. दोन्ही खाली येतात आणि जुनाच डोस जास्त पडतो. बीपी सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. वरचा आकडा 100 च्या खाली गेला तर त्याच दिवशी फोन करा.

आता ज्या चुकीसाठी हे पत्र लिहिलं ती. छत्तीस वर्षांच्या एक बाई, डावी ग्रंथी एप्रिलमध्ये काढली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, पोटात दुखणं. नागपूरचं मेमधलं ऊन, पारा 45 च्या आसपास, त्यामुळे घरच्यांनी “ऊन लागलं” म्हणून कैरीचं पन्हं दिलं, खिशात कांदा ठेवला. रात्री जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं. थोडं बरं वाटलं आणि पुन्हा बीपी उतरलं. आमच्याकडे आणलं तेव्हा बीपी 80/50, सोडियम 122, शुगर 58. हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, सलाइनमध्ये ग्लुकोज दिलं आणि काही तासांत त्या बोलू लागल्या. नुसतं सलाइन पुरत नव्हतं, कारण कमी पडलं होतं कॉर्टिसोल. ही गोळी चालू आहे असं सांगणारं स्टेरॉइड कार्ड घरीच होतं, देवाच्या फोटोमागे.

म्हणून ऊन लागलंय की कॉर्टिसोल कमी पडलंय हे घरी ठरवत बसू नका. दोन्हीत चक्कर, उलटी, गळाठा असतो. नको असताना एक इंजेक्शन दिलं तर नुकसान होत नाही, हवं असताना दिलं नाही तर होतं.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर रोजचा डोस दुप्पट करा, 102 च्या वर गेला तर तिप्पट, आणि ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत जुन्या डोसवर या. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही उलटली किंवा जुलाब थांबत नसतील, तर वाट न बघता मांडीत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या आणि हॉस्पिटल गाठा. दात काढायचा असेल, कुठलंही ऑपरेशन असेल तर त्या डॉक्टरांना आधी सांगा.

ही इंजेक्शनची डबी आम्ही प्रत्येक कुशिंगच्या पेशंटला बिलात लावतो. कुणाला वाटतं, उगाच खर्च. मागच्या सहा महिन्यांत वापरावी लागली नसेल, तर आनंदच आहे. एक्सपायरी बघून बदलून घ्या. पावडर आणि पाणी कसं मिसळायचं, हे घरातल्या एका माणसाला सिस्टर डिस्चार्जच्या दिवशी करून दाखवतात, वेगळे पैसे न घेता.

बंद करायचं ते आकडा बघून. साधारण सहा महिन्यांनी सकाळी 8 ते 9 मध्ये कॉर्टिसोल तपासतो. आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची गोळी घ्यायची नाही, रक्त दिलं की तिथेच घ्यायची. गोळी घेऊन आलात तर यंत्र गोळीचंच कॉर्टिसोल मोजतं आणि तुमचा हेलपाटा वाया जातो. 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर ग्रंथी उठली, गोळी बंद करता येते. 5 च्या खाली असेल तर अजून झोपलेली आहे. मधला आकडा आला तर गोळी चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतो. लांबून येणाऱ्यांचं रक्त आणि भेट आम्ही एकाच दिवशी बसवतो, फक्त आधी फोन करा. आणि कार्ड पाकिटात ठेवा, देवाच्या फोटोमागे नको.

आपला,
सर्जन