लपवलेला मानसिक आजार किंवा नपुंसकत्व यावरून लग्न रद्द होणं

याद्या झाल्या, लग्न लागलं, आणि महिनाभरात कळलं की नवऱ्याला कॉलेजपासून डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, तर हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये त्याला दोन वेगळे रस्ते आहेत. कलम 12 मध्ये लग्नच रद्द होतं, कारण गडबड लग्नाच्या दिवशीच होती असं म्हणायचं असतं. कलम 13 मध्ये घटस्फोट मिळतो, तिथे आजार नंतर झाला असला तरी चालतो. सोलापुरात दोन्हीला लोक सरसकट फारकतच म्हणतात, पण वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की तुम्हाला यातलं नेमकं काय पाहिजे, कारण पुरावा त्यावर ठरतो.

लपवालपवीचा सगळ्यात गाजलेला खटला मराठी घरातलाच आहे, दास्ताने विरुद्ध दास्ताने. लग्न 1956 चं, पुण्याचं. लग्नाआधी मुलीच्या वडिलांनी पत्रानं कळवलं होतं की तिला ऊन लागलं होतं, त्याचा मनावर काही काळ परिणाम झाला होता, मेंदूचा मलेरिया झाला होता, येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलात उपचार झाले होते, पाहिजे तर तिथल्या डॉक्टरांना विचारा. पुढे नवऱ्याचं म्हणणं पडलं की खरा आजार स्किझोफ्रेनिया होता आणि ऊन-मलेरिया ही थाप होती. कोर्टाला ते पटलं नाही, लग्न रद्द झालं नाही. प्रकरण 1975 साली सुप्रीम कोर्टात संपलं आणि तिथून एक तत्त्व रुजलं, की नवरा-बायकोच्या दाव्यात गुन्ह्यासारखा शंभर टक्के पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कुठल्या बाजूची आहे ते बघतात. आमच्याकडच्या बैठकीत मात्र असं पत्र कोण लिहितं, मध्यस्थ म्हणतो "पोरगं थोडं अबोल आहे", आणि सगळे जेवायला उठतात.

आता कायदा काय मागतो ते एका उदाहरणावरून बघू, माणसं काल्पनिक आहेत. मुलगी सोलापूरची, मुलगा बार्शीचा, दुकान आहे. लग्न 12 मे 2023. 20 जूनला तिला कपाटात ओलान्झापिन या मानसिक आजारावरच्या 10 मिलिग्रॅम गोळ्यांची पट्टी आणि 2019 पासूनची फाईल सापडते, त्यात 18 दिवस ॲडमिट असल्याचं कार्ड. सासरे म्हणतात, "अगं, झोपेच्या गोळ्या आहेत त्या." ती 2 जुलैला माहेरी येते. मग मामा, काका, मध्यस्थ, दोन बैठका, दिवाळीनंतर बघू, गड्ड्याची जत्रा होऊ दे, असं करत दावा पडतो ऑगस्ट 2024 मध्ये.

इथेच निम्मा दावा गेला. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली, म्हणजे फसवणूक, हे कारण घ्यायचं असेल तर फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज लागतो, आणि कळल्यावर राजीखुशीनं एकत्र राहिलेलं चालत नाही. एकत्र राहण्याचा प्रश्न इथे फारसा येत नाही, ती बारा दिवसांत निघाली होती, पण वर्ष जून 2024 मध्येच संपलं. बैठकांमध्ये गेलेले दिवस कोर्ट मोजून परत देत नाही.

उरतं ते दुसरं कारण, ज्याला ही वर्षाची अट नाही. लग्नाच्या वेळी आजार अशा प्रकारचा किंवा इतका होता की माणूस लग्नाला आणि मूल होण्याला अयोग्य होता, असं दाखवायचं. हे फसवणुकीपेक्षा बरंच अवघड, कारण आता नुसतं लपवलं म्हणून भागत नाही, आजार किती होता ते सिद्ध करावं लागतं. आणि तिच्या हातात काय आहे, तर गोळ्यांचा मोबाईलवरचा फोटो आणि फाईलची झेरॉक्स. गोळीवरून आजार ठरत नाही, ओलान्झापिन बायपोलरलाही देतात. झेरॉक्सला विरोध झाला की मूळ रेकॉर्ड हॉस्पिटलातून समन्स काढून मागवावं लागतं आणि ज्यानं उपचार केले त्या सायकियाट्रिस्टला साक्षीला आणावं लागतं. नुसतं सर्टिफिकेट फाईलला लावून डॉक्टर आलाच नाही, तर त्या कागदाला फार वजन राहत नाही.

डॉक्टर आला तरी खरी परीक्षा उलटतपासात असते. समजा समोरचा वकील विचारतो, गोळ्या चालू असताना पेशंट दुकान सांभाळू शकतो का? डॉक्टर म्हणतो, हो. शेवटचा झटका कधी आला होता? 2021 मध्ये. झालं, लग्नाच्या दिवशी तो अयोग्य होता हे म्हणणं इथे लंगडं पडतं. सुप्रीम कोर्टानं 1988 साली राम नारायण गुप्ता खटल्यात हेच सांगितलं होतं, की स्किझोफ्रेनिया हे नुसतं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता बघा, आणि 2013 साली कोल्लम चंद्रशेखर खटल्यात उपचारानं आटोक्यात असलेल्या आजारावरून घटस्फोट नाकारला. हे दोन्ही खटले घटस्फोटाचे, पण तीव्रतेचा मुद्दा रद्द करण्याच्या दाव्यातही तसाच चालतो. माझ्या मते हे बरोबरच आहे, नाहीतर गोळ्या खाणारा कुणीच लग्नाच्या लायकीचा राहणार नाही. पण म्हणूनच लपवल्याचा दावा वेळेत टाकणं महत्त्वाचं.

मग मुलीचा वकील म्हणतो, मुलाची तपासणीच करून घेऊ. ते होऊ शकतं. शारदा विरुद्ध धर्मपाल, 2003, यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की कोर्ट तपासणीचा आदेश देऊ शकतं, पण अर्जदाराकडे आधी भक्कम प्राथमिक पुरावा पाहिजे, आणि समोरच्यानं नकार दिला तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 105 प्रमाणे, आजाराचा पुरावा पुढे आला आणि दुसऱ्या बाजूनं तो नाकारला, तर कोर्टानं मुद्दा मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवायचा असतो. अडचण एवढीच की 2025 मध्ये केलेली तपासणी 2025 ची अवस्था सांगते, 12 मे 2023 ची नाही. जुन्या दिवसाला जुनाच कागद लागतो.

नपुंसकत्वाचं गणित वेगळं आहे. इथे मुद्दा असा की समोरच्याच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झालेच नाहीत. मूल न होणं वेगळं, वीर्यतपासणी नॉर्मल आली म्हणून काही सिद्ध होत नाही आणि वाईट आली म्हणूनही नाही. सिव्हिलमधून येणाऱ्या रिपोर्टात बहुतेक एकच ओळ असते, संबंधाला असमर्थ असल्याचं सुचवणारं काही आढळलं नाही, आणि दोन्ही बाजू ती आपल्या बाजूनं वाचतात. इंजेक्शन देऊन केलेली डॉप्लर टेस्ट रक्तपुरवठा सांगते, मनातला अडथळा नाही. माणूस इतरांशी समर्थ असेल पण याच जोडीदाराशी नाही, असंही असतं, त्याला सापेक्ष नपुंसकत्व म्हणतात. एप्रिल 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं अशाच एका तरुण जोडप्याचं लग्न रद्द केलं. बायकोच्या कौमार्याची तपासणी मात्र इथे मागू नये, पडदा शाबूत असण्या-नसण्यावरून संबंध झाले की नाही ते ठरत नाही.

लग्न रद्द झालं तरी झालेली मुलं औरसच राहतात आणि कलम 25 खाली पोटगी मागता येते, हे माहेरच्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं. सुनावणी बंद दाराआड होते. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील हायकोर्टात जातं, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरकरांना त्यासाठी मुंबईची गाडी धरावी लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय.