गाडीचं अ‍ॅव्हरेज माहीत असेल तर किलोमीटरमागचा कार्बन डायऑक्साइड कसा काढायचा?

एक लिटर पेट्रोलचं वजन किलोभरही नसतं, पण ते जळल्यावर सुमारे २.३६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा हे पटत नाही. जास्तीचं वजन येतं हवेतल्या ऑक्सिजनमधून. १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो, म्हणजे कार्बनच्या वजनाची जवळजवळ ३.६६ पट.

हिशेब इथूनच सुरू होतो. पेट्रोलची घनता लिटरला साधारण ०.७४५ किलो असते आणि वजनाच्या सुमारे ८६.५ टक्के भाग कार्बनचा असतो. म्हणजे एका लिटरमध्ये ६४४ ग्रॅम कार्बन. त्याला ३.६६ ने गुणलं की २.३६ किलो येतात. डिझेल जड असतं, लिटरला ०.८३५ किलोच्या आसपास. कार्बनचं प्रमाण जवळपास तेवढंच असल्यामुळे त्याचा आकडा २.६४ किलो येतो. आता या आकड्याला अ‍ॅव्हरेजने भागायचं:

```
ग्रॅम प्रति किमी = (घनता × कार्बनचा अंश × ३.६६ × १०००) ÷ (किमी प्रति लिटर)
```

समजा, ६१२ किलोमीटर धावल्यावर टाकीत ४०.८ लिटर पेट्रोल बसलं. अ‍ॅव्हरेज १५ पडलं आणि किलोमीटरमागे २३६० ÷ १५, म्हणजे १५७ ग्रॅम वायू. डिझेलच्या गाडीला याच पातळीवर राहायचं तर अ‍ॅव्हरेज १६.८ हवं. डिझेलची गाडी लिटरमागे जास्त धावते खरी, पण त्यातले पहिले १२ टक्के जड इंधनाची भरपाई करण्यातच जातात. दोन्ही गाड्यांचं अ‍ॅव्हरेज नुसतं शेजारी ठेवून तुलना केली तर ही गोष्ट सुटते.

सूत्र सोपं आहे. चूक होते ती अ‍ॅव्हरेज काढताना. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबावं आणि ओडोमीटरचा आकडा टिपून घ्यावा. पुढच्या वेळीही तसंच, जमल्यास त्याच पंपावर त्याच नोझलने भरावं. दोन वेळच्या पातळीत अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच. पाच लिटरच भरले असतील तर एवढ्याने उत्तर दहा टक्के चुकतं. चाळीस लिटरला तोच फरक जेमतेम सव्वा टक्का पडतो. म्हणून टाकी बरीच रिकामी होऊ द्यावी, किंवा तीन-चार वेळा भरलेल्या इंधनाची आणि अंतराची एकत्र बेरीज धरावी.

यापेक्षा मोठी चूक सरासरीत होते. गाडी ३०० किलोमीटर हायवेवर २० च्या अ‍ॅव्हरेजने धावली आणि ३०० किलोमीटर शहरात १० च्या, तर एकूण अ‍ॅव्हरेज किती? बहुतेकजण १५ म्हणतात. पण हायवेवर १५ लिटर लागले आणि शहरात ३०, म्हणजे ४५ लिटरमध्ये ६०० किलोमीटर. अ‍ॅव्हरेज १३.३ झालं आणि वायू १५७ नव्हे, १७७ ग्रॅम. हेच आकडे ग्रॅममध्ये मांडले तर घोटाळा होत नाही: हायवेचे ११८, शहराचे २३६, अंतर सारखं असल्यामुळे साधी सरासरी १७७. म्हणूनच तुलना करायची ती ग्रॅममध्येच करावी.

घनता तापमानासोबत बदलते, पण तिचा फारसा बाऊ करू नये. १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेल्यावर पेट्रोल सुमारे दोन टक्के फुगतं, त्यामुळे लिटरमधला कार्बनही तेवढाच घटतो. काटेकोर उत्तर हवं असेल तर इंधन भरतानाच्या तापमानाची घनता घ्यावी. एरवी थोडंच इंधन भरलं असेल तर अर्ध्या लिटरची चूक याहून मोठी असते.

इंधनात इथेनॉल मिसळलेलं असेल तर मात्र २.३६ चा आकडा वापरून चालत नाही. इथेनॉलमध्ये वजनाच्या ५२ टक्केच कार्बन असतो. त्याच्या एका लिटरमधून दीड किलो वायू निघतो. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा आकडा म्हणून २.१९ वर येतो, सात टक्क्यांनी कमी. पण इथेनॉलमध्ये ऊर्जाही कमी असते. मिश्रणाच्या लिटरमागे ती जवळजवळ सात टक्क्यांनीच घटते, त्यामुळे इंजिनाची कार्यक्षमता तीच राहिली तर १५ चं अ‍ॅव्हरेज १४ वर येतं. २१९० ÷ १४ केलं की १५६ ग्रॅम. धुराड्यातून बाहेर पडणारा वायू जवळपास तेवढाच राहिला. इथेनॉलचा फायदा मोजायचा तर पिकाने वाढताना हवेतून किती कार्बन घेतला आणि शेती, ऊर्धपातन, वाहतूक यांत किती इंधन जळलं हे मांडावं लागतं, आणि ते या सूत्रात येत नाही.