‘धावणार’ आणि ‘धावणारा’: एका कान्याची पार्श्वभूमी

‘मी धावणार’ आणि ‘मी धावणारा’ या दोन वाक्यांत फरक एका कान्याचा. बोलणारी बाई असेल तर वेलांटीचा. पहिल्या वाक्यात बेत आहे, दुसऱ्यात माणूस. सवयींबद्दल हल्ली जे सांगितलं जातं, त्यातला बराचसा भाग या कान्याभोवती फिरतो. दहा किलो वजन उतरवायचंय असं ठरवू नका, ‘मी रोज चालणारा माणूस आहे’ असं म्हणा. पुस्तक लिहायचंय म्हणू नका, ‘मी लिहिणारी आहे’ म्हणा. जेम्स क्लिअर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ हे पुस्तक २०१८ साली आलं आणि ही कल्पना सर्वतोमुखी झाली. त्यांच्या मांडणीत सर्वात बाहेर निकाल असतो, त्याच्या आत रोजची पद्धत, आणि गाभ्यात स्वतःची ओळख. बदलाची सुरुवात गाभ्यापासून करायची.

पुस्तकापेक्षा कल्पना पुष्कळ जुनी आहे. तिचा माग काढत गेलं की एक गंमत लक्षात येते. ज्या प्रयोगांतून ती वर आली, त्यांत कोणी आधी ओळख ठरवून मग कृतीला लागलेलं नाही. तिथं क्रम उलटा आहे. माणसाच्या हातून काहीतरी छोटंसं होऊन गेलं, आणि त्यावरून त्यानं स्वतःबद्दल काहीतरी ताडलं. क्लिअर स्वतःही हे सांगतात, प्रत्येक कृती म्हणजे आपण कोण व्हायचं यासाठी टाकलेलं एकेक मत, असं ते म्हणतात. पण सांगोवांगी पसरताना हा भाग गळतो आणि आरशासमोर उभं राहून म्हणायचं वाक्य तेवढं उरतं.

या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा प्रयोग १९६६ सालचा. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं तो केला. त्यांना सवयींशी काही देणंघेणं नव्हतं. जबरदस्ती न करता माणसाकडून होकार कसा मिळतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांनी घरोघरी माणूस पाठवून एक अवघड मागणी केली: तुमच्या घरापुढच्या हिरवळीवर ‘गाडी जपून चालवा’ असा फलक लावू द्याल का? सोबत फोटो दाखवला जाई. त्यात वेड्यावाकड्या अक्षरांच्या एका अवाढव्य फलकानं छानशा घराचा दर्शनी भाग जवळजवळ झाकून टाकलेला असे. ज्यांना थेट हीच मागणी केली, त्यांच्यातल्या शंभरात सुमारे सतरा जणांनी होकार दिला. तेवढेही कसे तयार झाले, याचंच मला नवल वाटतं.

काही घरांत मात्र दोन आठवडे आधी दुसराच कोणीतरी जाऊन आला होता. त्याची मागणी क्षुल्लक होती. तीन इंच लांबीरुंदीचा, सुरक्षित वाहनचालक व्हा असं सांगणारा एक छोटा फलक लावा. जवळपास सगळ्यांनी तो लावला. याच घरांत पुढे मोठ्या फलकाची मागणी गेली, तेव्हा शंभरात शहात्तर जण ‘हो’ म्हणाले.

इथवरचा भाग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. खरी गोम पुढे आहे. आणखी काही घरांत आधीची छोटी मागणी अगदी वेगळ्या विषयाची होती: कॅलिफोर्निया सुंदर ठेवा, अशा आशयाच्या अर्जावर फक्त सही करा. यात वाहतुकीचा संबंध नाही, फलकाचा नाही, आणि दुसऱ्या वेळी आलेला माणूसही वेगळा. तरीही त्यांच्यातल्या सत्तेचाळीस टक्क्यांनी मोठा फलक मान्य केला. रस्त्यावरच्या सुरक्षिततेबद्दलचं मत पक्कं झालं म्हणून लोक तयार झाले, हे स्पष्टीकरण इथं लागूच पडत नाही. पहिल्या माणसाची भीड पडली म्हणावं, तर तो परत आलाच नव्हता. मग सहीनं बदललं काय? फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी अंदाज बांधला की माणसाचं स्वतःकडे पाहणं बदललं असावं. अशा गोष्टी करणारा, चांगल्या कामाला हातभार लावणारा माणूस, असा तो स्वतःच्याच नजरेत झाला. ओळखीवर उभ्या राहिलेल्या सवयीची सगळी कल्पना या एका अंदाजात बीजरूपानं आहे.

या अंदाजाला सिद्धान्ताचं रूप दिलं डॅरिल बेम यांनी, १९६७ साली आणि मग अधिक सविस्तर १९७२ साली. त्यांचं म्हणणं सुटसुटीत होतं. शेजाऱ्याचा स्वभाव आपण त्याच्या वागण्यावरून ओळखतो, तसाच बऱ्याचदा स्वतःचाही ओळखतो. त्यांचं उदाहरण पावाचं आहे. तुम्हाला ब्राउन ब्रेड आवडतो का, असं विचारलं तर माणूस म्हणतो, आवडत असावा, मी नेहमी तोच खातो. आतून आवाज आला म्हणून नाही, स्वतःचं ताट पाहून त्यानं उत्तर दिलं.

बेम यांनी याला अटी घातल्या होत्या, आणि सवयींच्या चर्चेत हरवतात त्या याच. एक म्हणजे, स्वतःबद्दलचं मत आधीच ठाम असेल तर कृतीवरून अंदाज बांधायची गरज पडत नाही. आपल्याला पोहता येत नाही हे ज्याला पुरतं ठाऊक आहे, तो एकदा पाण्यात उतरल्यानं स्वतःला पोहणारा समजू लागत नाही. दुसरी अट जास्त मोलाची. कृतीमागे बाहेरचं कारण ठळक दिसत असेल, तर माणूस ती कृती स्वतःच्या खात्यावर जमा करत नाही. बक्षिसासाठी केलं, भीतीनं केलं, कुणीतरी बघत होतं म्हणून केलं. असं कारण हाताशी असलं की ‘मी असा आहे’ हा निष्कर्ष निघतच नाही.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी १९७३ साली हे बालवाडीतल्या मुलांवर पडताळून पाहिलं. स्केचपेननं चित्रं काढायला आपणहून आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पेन पुन्हा समोर ठेवले. बक्षीस आधी कबूल केलेल्या मुलांनी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. निकालाच्या मागे लागून उभी केलेली सवय निकाल हाती आल्यावर का विरते, याचं मला पटलेलं उत्तर इथं आहे. शर्यतीसाठी चार महिने धावलेला माणूस शर्यत संपल्यावर बूट कोपऱ्यात टाकतो. त्या चार महिन्यांचा प्रत्येक दिवस शर्यतीच्या खात्यावर लिहिला गेलेला असतो, त्याच्या स्वतःच्या खात्यावर फारसं काही पडलेलं नसतं.

मग ओळख आधी देऊन पाहिली तर? १९७५ साली रिचर्ड मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या पाचवीच्या वर्गांवर हे केलं. एका वर्गाला कचरा टाकू नका, स्वच्छता का राखावी, हे समजावलं. दुसऱ्या वर्गाला सांगितलं, तुम्ही किती नीटनेटके आहात. दुसऱ्या वर्गात फरक जास्त पडला आणि टिकलाही. समजावलेला वर्ग काही दिवसांत पूर्वपदावर आला. इथं नाव आधी आलं हे खरं, पण ते मुलांनी स्वतःला दिलेलं नव्हतं, शिक्षकांसारख्या माणसांनी वर्गातल्या नेमक्या गोष्टींकडे बोट दाखवून दिलेलं होतं.

नुसत्या शब्दाची ताकद किती, हा प्रश्न २०११ साली ऐरणीवर आला. क्रिस्टोफर ब्रायन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत निवडणुकीच्या आदल्या दिवशी आणि मतदानाच्या सकाळी मतदारांकडून प्रश्नावली भरून घेतली. काहींना विचारलं होतं, मत देणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं. काहींना, मतदार असणं किती महत्त्वाचं वाटतं. क्रियापदाच्या जागी नाम, एवढाच बदल. न्यू जर्सीत २००९ साली क्रियापद वाचलेल्यांपैकी ७९ टक्क्यांनी मतदान केलं, नाम वाचलेल्यांपैकी जवळपास ९० टक्क्यांनी. आकडे सरकारी नोंदींतले, म्हणजे लोकांच्या सांगण्यावर विसंबलेले नाहीत. या निकालाचा भरपूर गाजावाजा झाला. पण सहभागी जेमतेम दोनशे होते. २०१६ साली ॲलन गर्बर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न तीन राज्यांत चार हजारांहून अधिक मतदारांना विचारला, आणि फरक सापडला नाही. ब्रायन यांनी उत्तर दिलं की ती पक्षांतर्गत निवडणूक होती, लोकांना तिचं फारसं सोयरसुतक नव्हतं. वाद पुढेही चालू राहिला. माझा कल गर्बर यांच्याकडे आहे, कारण जो परिणाम निवडणूक जरा साधी झाली की नाहीसा होतो, त्याच्या भरवशावर रोज पहाटे पाचला उठता येणार नाही.

नाम चिकटवण्याचा एक तोटाही याच धाग्यातून पुढे आला. ब्रायन यांच्याच २०१४ सालच्या अभ्यासात ‘मदत कर’ऐवजी ‘मदतनीस हो’ असं ऐकलेली लहान मुलं जास्त मदत करत होती. एमिली फॉस्टर-हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी त्यात एक विघ्न घातलं. मूल मदत करायला गेलं की हातातली वस्तू सांडायची, काम बिघडायचं. त्यानंतर ‘मदत कर’ ऐकलेली मुलं कष्टाच्या कामालाही पुन्हा हात लावत. ‘मदतनीस हो’ ऐकलेली मुलं सोप्या आणि स्वतःच्या फायद्याच्या कामापुरतीच पुढे येत. कारण उघड आहे. काम फसलं तर क्रियापदवाल्याचं काम फसतं, नामवाल्याचं नाव जातं.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे आधीपासून ठाऊक होतं. ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली एकदा घसरणं आणि पुन्हा व्यसनात पडणं यांत स्पष्ट फरक केला. पहिली सिगारेट माणसाला परत खेचत नाही, त्या सिगारेटचं त्यानं स्वतःला दिलेलं स्पष्टीकरण खेचतं. म्हणून सल्लागार एका गोष्टीकडे कान लावून असतात: घसरल्यानंतरच्या सकाळी माणूस काय म्हणतो. ‘काल लग्नात मित्रांबरोबर एक ओढली’ असं म्हणणारा त्या प्रसंगाला, जागेला, सोबतीला दोष देतो, आणि पुढच्या वेळी त्या जागेची तयारी करता येते. ‘मी शेवटी ओढणाराच’ म्हणणाऱ्याच्या वाक्यात जागा नाही, वेळ नाही, मित्र नाहीत. तिथं तोच कान्यावाला शब्द आलेला असतो, फक्त उलट्या बाजूनं.