माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेण्यापूर्वी हे वाचा

आमच्याकडे अर्ज टाईप करून घ्यायला येणाऱ्यांची नेहमीची मागणी असते, "आमच्या जमिनीची सगळी माहिती मागा, आणि आम्हाला न कळवता नोंद का केली तेही विचारा." असा अर्ज आम्ही लिहून देत नाही. काही जण नाराज होतात, म्हणून त्यामागचं कारण इथे सांगतो.

माहिती अधिकार अधिनियम 2005 प्रमाणे कार्यालयाने जवळ असलेली, कागदावर किंवा संगणकात नोंदलेली माहिती द्यायची असते. "का केलं", "हे योग्य आहे का" याचं उत्तर नव्याने तयार करून देण्याचं बंधन जन माहिती अधिकाऱ्यावर नाही. त्यामुळे "का" विचारलं की "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही" असं पत्र येतं, आणि "सगळी" म्हटलं की "माहिती मोघम स्वरूपाची आहे" असं. दोन्ही वेळा तुमचे तीस दिवस वाया जातात, आणि पहिल्या अपिलात तोच मोघम अर्ज पुढे ठेवून भांडावं लागतं.

उपाय असा: मनातला "का" ज्या कागदात दडला असेल, तो कागद नावाने मागायचा. आमच्याकडे सर्वाधिक येणारं उदाहरण घेऊ. वडिलांच्या निधनानंतर एका भावाने वारस नोंद करून घेतली आणि बाकीच्यांना नोटीसच मिळाली नाही. कच्चा अर्ज असा असतो: "आम्हाला न कळवता फेरफार का मंजूर केला, त्याची संपूर्ण माहिती मिळावी." हाच अर्ज आम्ही असा लिहितो (आकडे फक्त नमुन्यापुरते):

"विषय: मौजे ____, ता. ____, गट क्र. 112, फेरफार क्र. 1847.
कालावधी: दि. 01/06/2022 ते 31/12/2022.
वर्णन: वरील फेरफाराबाबत पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. 1) गाव नमुना 6 मधील नोंद, मंडळ अधिकाऱ्यांच्या शेऱ्यासह. 2) नोंदीसाठी आलेला वर्दी अर्ज व सोबतची सर्व कागदपत्रे. 3) हितसंबंधितांना काढलेल्या नमुना 9 च्या नोटिसांच्या स्थळप्रती व त्या बजावल्याच्या पोचा. 4) हरकत आली असल्यास गाव नमुना 6अ मधील नोंद. यांपैकी जो अभिलेख उपलब्ध नसेल, त्याबाबत तसे लेखी कळवावे."

तिसरा मुद्दा नीट पाहा. तुमच्या नावाची पोच निघाली, तर तिच्यावर सही कोणाची ते दिसेल. "पोच अभिलेखात आढळून येत नाही" असं उत्तर आलं, तर तेच पत्र उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या अपिलात जोडता येतं. न कळवता नोंद मंजूर केल्याची तक्रार तिथेच करायची असते. माहितीच्या अर्जात ती लिहिली, तर मूळ मागणी झाकली जाते. माहिती कशासाठी हवी हेही लिहू नका, कायद्याने ते विचारता येत नाही.

फेरफार क्रमांक माहीत नसेल तर आधी सातबारा आणा; खातेदाराच्या नावाजवळ तो सापडतो. तरीही जुळत नसेल तर प्रती मागण्याऐवजी त्या कालावधीच्या गाव नमुना 6 ची पाहणी मागू. तो अधिकार त्याच कायद्यात आहे, आणि क्रमांक मिळाल्यावरचा दुसरा अर्ज नेमका होतो. फक्त फेरफाराची नक्कल हवी असेल, तर माहिती अधिकाराची गरजच नाही. साधा नक्कल अर्ज करा, तो आमच्याकडून लिहून घ्यायलाच हवा असंही नाही.

दोन गटांचे किंवा दोन खात्यांचे प्रश्न आम्ही एका अर्जात घालत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण 150 शब्दांत बसावा. दोन विषय घातले, तर पहिल्यापुरतंच उत्तर देऊन बाकीसाठी वेगळा अर्ज करा, असं सांगायला कार्यालय मोकळं असतं. दोन अर्जांचे दोनदा पैसे लावतो ते याचसाठी.

अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील दाखला जोडला तर फी माफ. प्रतींचा खर्च कळवणारं पत्र आलं की लगेच भरा, कारण ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करावं लागतं, आणि त्याची मुदत त्याच शिक्क्यावरून मोजतात.

येताना सातबारा, आधी काही उत्तर आलं असेल तर ते पत्र, आणि घटना कोणत्या वर्षातली आहे याचा अंदाज घेऊन या. अर्ज आमच्याकडून लिहून घेतला असेल, तर त्यावर आलेलं उत्तर वाचून पुढे काय करायचं हे सांगण्याचे वेगळे पैसे घेत नाही.