अहवालातला ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ कुठवर खरा धरावा?

तुमच्या अहवालात स्टँडर्ड डेव्हिएशनचा आकडा असतो. समजा, तो दिवसाला १ टक्का आहे. बहुतेक दिवशी बाजार साधारण किती हलतो, हे त्यावरून कळतं. पण वाईटात वाईट दिवस किती वाईट असेल, हे त्यातून काढू नका.

भावांची हालचाल बेल कर्व्हप्रमाणे होते, म्हणजे बहुतेक बदल सरासरीजवळ राहतात आणि मोठे बदल झपाट्याने दुर्मीळ होत जातात, असं मानलं, तर ३ टक्क्यांहून मोठी उडी किंवा घसरण सुमारे ३७० दिवसांत एकदा यावी. ४ टक्क्यांची साधारण ६३ वर्षांत एकदा, आणि ५ टक्क्यांची सात हजार वर्षांत एकदा. आता १९ ऑक्टोबर १९८७ पाहा. त्या एका दिवसात अमेरिकेचा डाउ जोन्स २२.६ टक्के कोसळला. बेल कर्व्हच्या हिशेबात असा दिवस विश्वाच्या वयातही येऊ नये.

झालं काय होतं? अनेक मोठे फंड ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ वापरत होते. नियम साधा: भाव उतरले की फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, विकायचे, आणखी उतरले की आणखी विकायचे. एकट्या फंडासाठी हे शहाणपणाचंच होतं. पण सगळेच विकायला निघाल्यावर त्यांच्याच विक्रीने भाव पडले, आणि पडलेल्या भावांनी पुढची विक्री सुरू केली. बेल कर्व्ह लागू पडतो तो असंख्य छोटी कारणं एकमेकांपासून स्वतंत्र असतात तेव्हा. त्या दिवशी ती स्वतंत्र उरली नव्हती.

भाव पडल्यावर कर्ज देणारा आणखी पैसे भरायला सांगतो, तो मार्जिन कॉल; त्यामुळे कर्जावर घेतलेले शेअर विकावे लागतात, तेव्हाही हेच चक्र फिरतं. शिवाय मोठ्या हालचाली घोळक्याने येतात. मार्च २०२० मध्ये एस अँड पी ५०० निर्देशांक १२ तारखेला ९.५ टक्के पडला, १३ तारखेला ९ टक्क्यांहून जास्त चढला आणि १६ तारखेला १२ टक्के पडला.

‘फॅट टेल’ म्हणतात ते हेच. शेअर बाजारांच्या जुन्या नोंदींत दुप्पट मोठी हालचाल ढोबळमानाने आठपट दुर्मीळ दिसते. बेल कर्व्हवर मात्र ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं, की ती दहा लाखपटींहून अधिक दुर्मीळ होते.

‘ब्लॅक स्वान’ ही वेगळी गोष्ट आहे, जरी वर्तमानपत्रं प्रत्येक पडझडीला ते नाव देत असली तरी. ज्याची शक्यता कुणाच्या यादीतच नव्हती, ती घटना ब्लॅक स्वान. फॅट टेलचा निदान अंदाज बांधता येतो; ब्लॅक स्वानचं गणित मांडायला हाताशी आकडेच नसतात.

म्हणून आम्ही अहवालात आणखी एक रकाना देतो: बाजार एका दिवसात २० टक्के पडला तर तुमच्याकडे किती उरेल. हे भाकीत नाही. पण तुम्ही भांडवलाच्या पाचपट खरेदी केली असेल, तर त्या रकान्यात शून्य दिसेल. तसं दिसलं तर आधी कर्जाचा भाग कमी करण्याबद्दल आमच्याशी बोला.